उलट फिरलेला कण आणि सोन्याचं केंद्रक: एका प्रतिक्रियेला उत्तर

«कण उलटे फिरले म्हणून केंद्रक आहे, असं तुम्ही लिहिलंत. पण वर्खात अणूंचे हजारावर थर असतात. दर थरात थोडा थोडा वळत कण मागे फिरू शकत नाही का? मग आकार आणि प्रभार कुठून काढलात?»

नमस्कार. तुमची शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. रदरफर्डने 1911च्या लेखात आधी तिचाच निकाल लावला.

रदरफर्डचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांनी अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून वेगाने निघणारे धनप्रभारित कण, ज्यावर सोडले तो सोन्याचा वर्ख सुमारे 0.00004 सेंटिमीटर जाडीचा होता. त्यातून जाताना अल्फा कण बहुधा 0.87 अंशांनी वळायचा. हे लहान धक्के कधी डावीकडे, कधी उजवीकडे बसतात आणि बरेचसे एकमेकांना खोडतात. ते साठत जाऊन 90 अंश होण्याची शक्यता मांडली, तर छेदात एकावर दोन हजारांहून जास्त शून्यं येतात. प्रत्यक्षात 20,000 कणांमागे एक तेवढा वळत होता. म्हणजे तो एकाच टकरीत वळला.

पण नुसत्या उलट फिरण्यावर मीही विसंबणार नाही. खरा पुरावा मोजणीत आहे. सगळा प्रभार एका बिंदूत असेल आणि बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर θ कोनात वळलेल्या कणांची संख्या 1/sin⁴(θ/2) प्रमाणे बदलायला हवी. 60 आणि 120 अंशांसाठी हे गुणोत्तर बरोबर 9 येतं. 1913मध्ये मँचेस्टरच्या अंधाऱ्या खोलीत कण आदळून पडद्यावर उमटणाऱ्या चकाक्या मोजून गायगर आणि मार्सडेन यांना 477 आणि 51.9 हे आकडे मिळाले. गुणोत्तर 9.2! शिवाय वर्ख जाड केला की संख्या जाडीच्या सम प्रमाणात वाढत होती, एकेकट्या टकरीत वाढायला हवी तशीच.

आकाराचं उत्तर इथेच आहे. रेडियम-सी या किरणोत्सारी स्रोताचा अल्फा कण सोन्याच्या केंद्रकावर समोरून गेला, तर सुमारे 3 × 10⁻¹⁴ मीटरवर थांबून परततो. तिथवर सूत्र बिघडलं नाही, म्हणून केंद्रक त्याहून लहान. ही फक्त वरची मर्यादा आहे. खरी त्रिज्या सुमारे 7 × 10⁻¹⁵ मीटर, हे पुढे इतर प्रयोगांतून कळलं.

प्रभाराबाबत जपून बोलावं लागतं. सूत्रात त्याचा वर्ग येतो, त्यामुळे चिन्ह कळतच नाही. ऋण केंद्राकडे ओढला गेलेला कणही त्याला वळसा घालून तसाच परतला असता. रदरफर्डने तो प्रश्न तेव्हा उघडाच ठेवला. परिमाण मात्र मिळतं: 1913च्या मोजणीतून ते, इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या एककात, अणुभाराच्या साधारण निम्मं आलं, 20 टक्के अनिश्चिततेसह. सोन्यासाठी ते 98च्या आसपास होतं, खरं 79. मोठी अडचण होती ती थेट येणारे असंख्य कण आणि विखुरलेले मोजके कण यांची तुलना करण्याची. रदरफर्डचा सहकारी चॅडविक याने 1920मध्ये वर्खाचं कडं वापरून ती बरीच सोडवली आणि प्लॅटिनमचा प्रभार 77.4 काढला. प्लॅटिनमचा अणुक्रमांक 78 आहे.