झाकणावरची पट्टी

“सील, शुद्धतेचा शिक्का, तपासणीचा बॅज सगळंच हवंय, पण मधाची बरणी गजबजलेली नको. काय ठेवू?”

सीललाच बोलू द्या. झाकणावरून दोन्ही बाजूंना काचेवर उतरणारी कागदी पट्टी घ्या आणि बॅच क्रमांक व मध काढल्याचा महिना तिच्यावरच छापा. पुढचं लेबल तेवढं मोकळं होतं. “१०० टक्के शुद्ध”चा सोनेरी गोल मात्र काढाच. तो कुणीही छापू शकतो, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी मागच्या बाजूला छोटा क्यूआर कोड द्या, जो थेट त्याच बॅचच्या तपासणी अहवालावर जाईल.

खरी गोम पट्टीच्या कागदात आहे. मी आधी साधा चिवट स्टिकर वापरला. वाफेवर धरला की तो अख्खा सुटायचा आणि परत चिकटायचाही! मग ओढताच तुकडे होणारा ठिसूळ कागद घेतला, त्यावर झाकणाच्या कडेपाशी बारीक आडव्या चिरा पाडून घेतल्या. आता पट्टी उचलली की तिथेच फाटते.

काचेवर मधाचा पुसटसा थर राहिला तरी गोंद धरत नाही, म्हणून आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. चिकटवल्यावर एक दिवस थांबून एक बरणी वाफेवर, एक हेअर ड्रायरखाली आणि एक फ्रिजमध्ये ठेवून पट्टी सोलून पाहा. एकीवरची जरी अखंड निघाली, तरी कागद किंवा गोंद बदला.