को-पे आणि डिडक्टिबल: ‘दोन्ही टिक करा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

“पहिल्यांदाच फॅमिली फ्लोटर घेताय? मग को-पे आणि डिडक्टिबल दोन्ही टिक करा. दोन्ही एकच, नावं फक्त वेगळी. छोटं बिल आपण भरायचं, मोठं बिल कंपनी भरते. प्रीमियम कितीतरी उतरतो. वर्षातून एकदाच भरायचं असतं आणि पुढे नको वाटलं तर काढून टाकता येतं. एजंट हे सांगत नाहीत, कारण त्यांचं कमिशन कमी होतं.”

आरोग्य विम्याबद्दलचा हा मेसेज गेल्या महिन्यात मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्याच सोसायटीचा. फॅमिली फ्लोटर म्हणजे अख्ख्या घराला मिळून एकच कव्हर देणारी पॉलिसी. मी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या खिडकीवर बसतो. कंपनीचं मंजुरीपत्र आलं की त्यातला ‘पेशंटने भरायची रक्कम’ हा आकडा नातेवाइकांना सांगायचं काम माझं. त्यामुळे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला न दिसणारी बाजू मला रोज दिसते.

नावं दोन, कारण हिशेब दोन

डिडक्टिबल म्हणजे ठरलेली रक्कम, रुपयांत. पन्नास हजार म्हटलं की पहिले पन्नास हजार तुमचे आणि त्यावरचं कंपनीचं. को-पे म्हणजे ठरलेला टक्का. वीस टक्के म्हटलं की क्लेम केवढाही असो, शंभरातले वीस तुमचे. एकाला वरून झाकण आहे, दुसऱ्याला नाही. बाकी सगळा फरक यातूनच निघतो.

दोन्हींचा हिशेब हॉस्पिटलच्या बिलावर होत नाही, कंपनीने ग्राह्य धरलेल्या रकमेवर होतो. ग्लोव्हज, अ‍ॅडमिशन किटसारख्या ज्या वस्तू पॉलिसीत बसत नाहीत, त्या आधीच वजा होतात आणि ते पैसे वेगळे भरावे लागतात. पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही तिच्यावरची खोली घेतली, तर डॉक्टरांच्या फीसारखे बाकीचे खर्चही बऱ्याचदा त्याच प्रमाणात कापले जातात. को-पे आणि डिडक्टिबल त्यानंतर लागतात.

एक घर, दोन आजारपणं

नवरा चौतीस, बायको एकतीस, मुलगी चार वर्षांची, कव्हर दहा लाखांचं असं घर धरू. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत: वीस टक्के को-पे किंवा वर्षाला पन्नास हजार डिडक्टिबल.

पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला. बिल 62,000, त्यातले 4,000 पॉलिसीत न बसणारे, ग्राह्य 58,000. को-पे असेल तर त्यातले 11,600 या घराचे. डिडक्टिबल असेल तर पूर्ण 50,000 घराचे आणि कंपनी देते फक्त 8,000. वरचे 4,000 दोन्हीकडे आहेतच. इथे डिडक्टिबलवाला चिडतो. “मग पॉलिसी काय उपयोगाची?” हे वाक्य मी खिडकीतून किती वेळा ऐकलंय याला गणती नाही.

आता डेंग्यूच्या जागी त्याच वर्षी नवऱ्याचा बाइकवर अपघात झाला असं समजा. दोन ऑपरेशनं, आयसीयू, ग्राह्य रक्कम आठ लाख. डिडक्टिबल असेल तर घराचे 50,000. को-पे असेल तर 1,60,000. म्हणजे ‘मोठं बिल कंपनी भरते’ हे डिडक्टिबलच्या बाबतीत जवळपास खरं आहे आणि को-पेच्या बाबतीत उलटं आहे. बिल जितकं मोठं, तितका तुमचा वाटा मोठा.

या दोन पर्यायांची गाठ अडीच लाखांवर पडते, कारण अडीच लाखांचे वीस टक्के म्हणजे पन्नास हजार. ग्राह्य रक्कम त्याच्या खाली असेल तर को-पे स्वस्त, वर असेल तर डिडक्टिबल. तुम्हाला विकल्या जाणाऱ्या पॉलिसीचे आकडे घेऊन हा भागाकार एकदा करून बघा: डिडक्टिबलची रक्कम भागिले को-पेचा टक्का. पहिलं कव्हर घेणाऱ्या घराला धाक असतो तो मोठ्या बिलाचा. डेंग्यूचे पन्नास-साठ हजार उसनवारीने, एखादी एफडी मोडून उभे राहतात. सकाळी अपघात आणि संध्याकाळपर्यंत दीड-दोन लाख, हे उभं करताना दागिने बाहेर निघतात.

आणि दोन्ही टिक केले तर? आठ लाखांतून आधी 50,000 गेले, उरलेल्या साडेसात लाखांचे वीस टक्के 1,50,000. एकूण दोन लाख घराचे. काही पॉलिसींत वजावटीचा क्रम उलटा लिहिलेला असतो, मग आकडा आणखी दहा हजारांनी वाढतो. डेंग्यूच्या बिलात तर कंपनीकडून 6,400 मिळाले असते. एवढ्यासाठी कागद गोळा करायला कुणी येतही नाही.

प्रीमियम उतरतो, हे खरं

पण किती उतरतो ते क्लेमला खिशातून जाणाऱ्या आकड्याशेजारी लिहून बघायचं असतं. निव्वळ हिशेबापुरतं धरू: साधी पॉलिसी 22,000 ला आणि वीस टक्के को-पे घेऊन 18,500 ला. वर्षाला वाचले 3,500. चार लाखांचा एक क्लेम आला की को-पेचे 80,000 जातात, म्हणजे जवळपास तेवीस वर्षांची बचत एका डिस्चार्जला. तुमच्या वयाचे, तुमच्या गावचे खरे आकडे वेगळे असतील. म्हणून एकाच कंपनीचं एकाच दिवशी तीन प्रकारे कोटेशन मागा: काहीही न घेता, फक्त डिडक्टिबल, फक्त को-पे. पाच मिनिटांचं काम आहे.

माझं मत विचाराल तर, ऑफिसकडून तीन-पाच लाखांचं ग्रुप कव्हर असेल तर डिडक्टिबल ही उत्तम सोय आहे. डिडक्टिबलची रक्कम तुमच्याच खिशातून गेली पाहिजे असं नसतं, दुसऱ्या पॉलिसीतून भरली तरी चालते. पहिले तीन लाख ऑफिसचं कव्हर देतं आणि वरचं तुमची सुपर टॉप-अप, म्हणजे मोठं डिडक्टिबल असलेली वेगळी पॉलिसी. दुसरं कुठलंच कव्हर नसेल तर बँकेत जेवढी रक्कम आजही सहज पडून आहे, तेवढंच डिडक्टिबल घ्या. स्वतःहून को-पे मात्र मी तरण्या कुटुंबाला कधीच सुचवत नाही.

वर्षातून किती वेळा?

को-पे दर क्लेमला लागतो. वर्षात तीनदा अ‍ॅडमिट झालात तर तीनदा. डिडक्टिबलचं मात्र पॉलिसीत काय लिहिलंय ते बघावं लागतं. टॉप-अप पॉलिसीत ते दर अ‍ॅडमिशनला नव्याने सुरू होतं, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराचे क्लेम एकत्र मोजतात. डिडक्टिबल तीन लाख आहे आणि वर्षात दोन लाख व अडीच लाख असे दोन क्लेम झाले, तर टॉप-अप एक रुपया देणार नाही, कारण एकही क्लेम तीन लाखांच्या वर गेला नाही. सुपर टॉप-अप साडेचार लाखांतून तीन लाख वजा करून दीड लाख देईल. नावात फक्त ‘सुपर’चा फरक आणि तोही फोनवर पटकन ऐकू येत नाही.

यातही एक खाच आहे. वर्षभराची बेरीज धरताना कंपनीला आधीच्या अ‍ॅडमिशनचे कागद लागतात. “पहिलं बिल डिडक्टिबलच्या आतलंच होतं, कळवून काय फायदा” म्हणून लोक डिस्चार्ज समरी आणि पावत्या घरी ठेवून देतात किंवा हरवतात. मग दुसऱ्या वेळी पहिला खर्च मोजला जात नाही. पैसे मिळणार नसले तरी क्लेम नोंदवा आणि मूळ कागदांची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

टिक न करताही लागणारा को-पे

हे त्या मेसेजमध्ये नाहीच आणि माझ्या घरात यानेच गोंधळ घातला. माझ्या मावसभावाने पॉलिसी साताऱ्याच्या पत्त्यावर घेतली होती. मावशीचं ऑपरेशन मुंबईत झालं. बिल 3,40,000, ग्राह्य 3,12,000. भाऊ खिशात तीस हजार घेऊन काउंटरवर उभा होता, वरचे किरकोळ खर्च भरायला. मंजुरीपत्रात खालून तिसऱ्या ओळीत होतं: झोन को-पे वीस टक्के, 62,400. वर न बसणारे 28,000. एकूण 90,400. मावशी साडी बदलून, पिशवी मांडीवर घेऊन व्हीलचेअरवर बसलेली आणि भाऊ फोनवर फोन करतोय. पैसे जमेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजले.

काही कंपन्या शहरांचे झोन पाडतात. लहान शहराच्या पत्त्यावर प्रीमियम कमी असतो, पण महागड्या झोनमध्ये उपचार घेतले की को-पे लागतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचा माणूस मोठ्या ऑपरेशनला पुण्या-मुंबईकडेच धावतो, त्यामुळे हा मुद्दा आपल्याकडे जास्त भोवतो. शिवाय साठीनंतर पॉलिसीत शिरणाऱ्या माणसाला अनेक योजनांत सक्तीचा को-पे असतो. तो काढायची सोय असेल तर जादा प्रीमियम भरून, आणि तीही प्रत्येक योजनेत नाही. आई-वडिलांना आपल्याच फ्लोटरमध्ये घालण्याआधी ही ओळ वाचा. त्यांची वेगळी पॉलिसी बऱ्याचदा बरी पडते. आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी घेतलीत तर तिच्यात पाच टक्के को-पे सगळ्यांनाच आहे, वय काहीही असो.

नंतर काढून टाकायचं म्हटलं तर

काही योजनांत ठराविक वर्षांनी डिडक्टिबल काढता येतं, काहींत त्यासाठी वयाची अट असते. जिथे तशी लेखी सोय नाही तिथे ते काढणं म्हणजे कंपनीच्या दृष्टीने कव्हर वाढवणं. ती पुन्हा तपासणी मागू शकते आणि मधल्या काळात शुगर किंवा हृदयाचा त्रास निघाला असेल तर नाही म्हणू शकते. को-पे नकोसा वाटतो तो बहुधा एखादा मोठा क्लेम झाल्यावर, म्हणजे नेमका कंपनीने हात आखडता घ्यायच्या वेळी.

राहिलं कमिशन

एजंटचं कमिशन प्रीमियमच्या टक्क्यात असतं, म्हणून प्रीमियम उतरला की तेही उतरतं, एवढं मेसेजमधलं बरोबर. पण मी उलटंही पाहतो. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून स्वस्त दिसणारं कोटेशन पुढे करतात आणि ते स्वस्त का, हे मोघम ठेवतात.

त्यामुळे तोंडी काही विचारू नका, मेल करा: डिडक्टिबल दर क्लेमला की वर्षाला? आमच्या पत्त्यावर घेऊन मुंबईत उपचार केले तर को-पे लागेल का? घरातल्या कुणाला वयामुळे को-पे आहे का? पॉलिसी आली की तिच्यासोबतचं ग्राहक माहिती पत्रक उघडा, ते मराठीतही मागता येतं. त्यात को-पे आणि डिडक्टिबल वेगळे दाखवलेले असतात. मेलमधलं उत्तर आणि पत्रकातली ओळ जुळली नाही, तर पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. तेवढ्या दिवसांचं कव्हर, मेडिकल तपासणी आणि स्टॅम्प ड्यूटीचे पैसे कापून बाकी प्रीमियम परत मिळतो.