सोळाशे मारणाऱ्या पोरांनो, पळता पळता प्रतिज्ञा म्हणून बघा

“पळताना बोलता येतंय म्हणजे तुम्ही पळत नाही, फिरताय. भरतीचे सोळाशे काढायचे असतील तर रोज फुल्ल दम लावा. स्लो पळणारा स्लोच राहतो. छातीत आग झाली की समजा स्टॅमिना वाढतोय, तेव्हा थांबू नका. तोंड बंद ठेवा, बोललात की दम तुटतो. प्रत्येक भरतीवाल्या भावापर्यंत पोहोचवा.”

हा मेसेज पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करणाऱ्या भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, मग उद्यापासून फुल्लच मारू का?” परभणीपासून बीडपर्यंत पहाटे ग्राउंडवर उतरणाऱ्या किती पोरांनी तो वाचून तसंच सुरू केलं असेल, या विचारानेच डोकं तापतं. म्हणून उत्तर एकट्या भाच्याला न देता इथे लिहितोय.

आधी ती आगीची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. जीव तोडून पळालं की श्वास जोरजोरात तोंडाने चालतो, कोरड्या हवेने श्वासनलिका चुरचुरते आणि पायात आम्ल साठून जळजळ होते. आपण आपल्या क्षमतेच्या वर आहोत, एवढंच ती आग सांगते. क्षमता वाढतेय की नाही, हे तिच्यावरून अजिबात कळत नाही. दम वाढतो तो शरीरात होणाऱ्या बदलांनी. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे पेशींतले कारखाने वाढतात. या बदलांना लागतो वेळ, म्हणजे आठवड्यात एकूण किती मिनिटं तुम्ही पळत राहिलात ते.

आता हिशेब मांडू. समजा एका पोराचे सोळाशे सध्या ६ मिनिटांत निघतात. पोलीस भरतीच्या सध्याच्या गुणतक्त्यात पूर्ण २० गुणांसाठी ५ मिनिटे १० सेकंद लागतात, म्हणजे ५० सेकंद कमी करायचे आहेत. मेसेजप्रमाणे तो आठवड्यातले सहा दिवस फुल्ल मारतो. खरं पळणं झालं ३६ मिनिटं, आणि त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाय जड, म्हणून वेळ ६:१०, ६:१५ अशी मागे सरकते. तोच पोरगा बोलता येईल अशा वेगाने एकाच दिवशी ४० मिनिटं पळू शकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळू शकतो. सोळाशे हा वेगाचा खेळ वाटतो, पण पाच-सहा मिनिटांच्या या पळण्यात लागणाऱ्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा प्राणवायूवरच तयार होते. तो पाया रोज ६ मिनिटं जळून बांधला जात नाही.

रोजच्या फुल्लचा दुसरा हिशेब नडगीवर निघतो. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, बोटाने दाबलं की लांब पट्ट्यात दुखतं. सुरुवातीला पळायला लागलं की दुखणं जातं, म्हणून पोरं गोळी घेऊन पुन्हा मारतात. दुखणं पट्ट्यातून एका ठिकाणी गोळा झालं, रात्री ठणकू लागलं किंवा एका पायावर उडी मारताना कळ आली, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका धरायची, पळणं थांबवायचं आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवायचं. ऐन भरतीच्या तोंडावर असं झालं की महिने वाया जातात.

आणि छातीत आवळल्यासारखं झालं, कळ खांद्याकडे किंवा जबड्याकडे गेली, चक्कर आली, उन्हात पळताना पोरगा असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर ‘थांबू नका’ हा सल्ला जीवघेणा आहे. तिथे लगेच थांबवायचं आणि १०८ ला फोन करायचा. उन्हाने झालं असेल तर सावलीत नेऊन गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं.

आता बोलण्याचं. पळताना बोलून बघणं ही कुणा आळशाने काढलेली पळवाट आहे, असा मेसेजचा सूर आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या शाखेत कार्ल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत तपासली आहे. जोर टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात, प्रत्येक टप्प्यावर माणसाला एक ठरलेला उतारा मोठ्याने म्हणायला लावतात आणि विचारतात, आरामात बोलता येतंय का? सोबत तोंडातून येणारी-जाणारी हवा यंत्राने मोजतात. ‘हो’ म्हणणारे बहुतेक सगळे श्वासाच्या पहिल्या उंबरठ्याच्या, म्हणजे जिथून श्वास एकदम जोरात वाढू लागतो त्या टप्प्याच्या, खाली सापडले. ‘हो, पण…’ म्हणणारे साधारण उंबरठ्यावरच होते आणि ‘नाही’ म्हणणारे त्याच्या बरेच वर. म्हणजे ‘येतंय, पण थोडं जड जातंय’ हे उत्तर सोप्या पळण्यात मोडत नाही. आपली बहुतेक पोरं फसतात ती इथेच.

यामागचं कारण असं. बोलायचं म्हणजे श्वास हळूहळू, लांबवून सोडायचा. त्या उंबरठ्याच्या वर गेलं की रक्तात वाढणारं आम्ल आवरताना जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला शरीर श्वास घाईने मागतं. मग श्वास लांबवता येत नाही आणि वाक्य मध्येच तुटतं. घड्याळ-पट्टा नसलेल्या पोराला हा उंबरठा फुकटात कळतो.

ला क्रॉसच्या अभ्यासात तिकडच्या शाळांतली प्रतिज्ञा म्हणायला लावली होती. आपल्याकडेही पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीची प्रतिज्ञा प्रत्येकाला पाठ आहे, तीच वापरा. पहिली दहा मिनिटं पळून झाल्यावरच तपासा. सुरुवातीला श्वास पायांच्या मागे असतो, त्यामुळे चुकीचा वेग सोपा वाटतो. मग त्याच वेगाने पळता पळता मोठ्याने म्हणा. ‘भारत माझा देश आहे’ हे छोटं वाक्य कुणालाही जमतं, त्यावरून काही ठरवू नका. खरी परीक्षा चौथ्या वाक्यात आहे: ‘माझ्या देशातल्या समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे.’ हे एका श्वासात, आवाज न चिरकता निघालं आणि पुढच्या वाक्याआधी एक साधा श्वास पुरला, तर वेग बरोबर. ‘नटलेल्या’पाशी श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. शब्द-शब्द तुटत असेल तर चाला. वेग चुकतो तो बहुधा मागच्या अर्ध्यात, म्हणून दर दहा मिनिटांनी पुन्हा म्हणून बघा. दहा-पंधरा सेकंद बोलल्याने कुणाचाही दम तुटत नाही, चार श्वासांत तो जागेवर येतो. तोंड बंद ठेवण्याबद्दल एवढंच, की हळू पळताना नाकाने भागत असेल तर ठीक, जोरात पळताना तोंड उघडाच.

६ मिनिटांत सोळाशे काढणाऱ्या पोराचा हा सोपा वेग किलोमीटरला साधारण सव्वासहा मिनिटांच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहून हळू निघेल. चारशे मीटरच्या ट्रॅकवर त्याचा फुल्ल राऊंड ९० सेकंदांचा, सोपा राऊंड अडीच मिनिटांचा. एवढा फरक पायाला पटत नाही, लाज वाटते. त्यात ग्रुपमधला सगळ्यात वेगवान पोरगा पुढे असतो आणि बाकीचे त्याच्या मागे फरफटत जातात. त्याचं सोपं पळणं तुमचं फुल्ल असू शकतं. हळू पळताना पाय ओढू नका आणि उड्याही मारू नका, पावलं छोटी आणि झटपट पडू द्या. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पहाटे पाचलाही हवा तापलेली असते, शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच वेगाला दम जास्त लागतो. त्या दिवशी राऊंड पावणेतीन मिनिटांचा झाला तरी चालेल, घड्याळापेक्षा प्रतिज्ञेचं ऐका.

स्लो पळणारा स्लोच राहतो म्हणणाऱ्यांनी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा आकडा बघावा. पॅरिसमध्ये २०२४ च्या जुलैमध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे किलोमीटरला सुमारे २:४३, तेही अडथळ्यांसकट. असा वेग रोज कुणीही काढत नाही. स्टीफन सायलर या संशोधकाने दमाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा दहापैकी साधारण आठ सत्रं सोपीच निघाली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. नुसतं सोपं पळून ५:१० निघणार नाही, जोरात पळायलाही हवंच. म्हणून या पोराचा आठवडा असा धरा: चार दिवस ३० ते ४५ मिनिटं सोपं. एक दिवस चारशेचे सहा राऊंड, प्रत्येकी ८८ ते ९० सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं किंवा रेंगाळत पळणं. एक दिवस २० मिनिटं सोपं, त्यानंतर शंभर मीटरचे सहा वेगवान तुकडे, कारण शंभरचीही चाचणी आहे. सातवा दिवस पूर्ण आराम. चारशेचा सहावा राऊंड पहिल्याइतकाच निघाला, तर आदल्या दिवशीचं सोपं पळणं खरंच सोपं होतं. तिसऱ्यापासूनच ९५, ९८ होऊ लागले, तर सोप्या दिवशी तुम्ही जोर लावलाय, आणि दुरुस्ती चारशेच्या दिवशी नाही, त्या सोप्या दिवशी करायची. सहा-आठ आठवड्यांनी तेच चौथं वाक्य तितक्याच आरामात म्हणताना राऊंड अडीच मिनिटांवरून खाली येऊ लागतो. तेव्हा एकदा, दोन दिवस हलकं पळून, सोळाशेची वेळ घ्या. त्याआधी दर आठवड्याला फुल्ल मारून बघायची गरज नाही.