गिऱ्हाइकासमोर गुपित बोलावं कसं?

सोलापूरच्या नवी पेठेत चादरींचं दुकान टाकताय ना? मग गल्ल्याआधी एक शब्द शोधा. दहा अक्षरं हवीत आणि एकही दुसऱ्यांदा यायला नको. ‘गणपती देव सुख नफा’ चालेल. ग एक, ण दोन, असं करत न नऊ आणि फ शून्य. काना-मात्रा सोडून द्यायच्या. चादर ३४० ला पडली की चिठ्ठीवर कोपऱ्यात ‘पतफ’ लिहायचं, आणि खाली ठसठशीत ६५०, ‘एकच भाव’.

३०० ची खरेदी मात्र ‘पफफ’ लिहू नका. जोडीनं आलेलं अक्षर शून्यच असणार, हे शाळकरी पोरगंही ओळखतं. दुसऱ्या फ ऐवजी ‘क्ष’ टाका. तरी निम्म्या चिठ्ठ्या फ वर संपतातच. त्यावर उपाय म्हणजे खरेदीच ३४१ ला करायची, पण तेवढं गिरणीवाल्याला पटवा.

आता बोलण्याचं. तेलुगूत कुजबुजू नका. ‘नाल्गु वंदलु’ म्हणाल आणि समोरची बाई पूर्व भागातली निघाली, तर चारशेच्या खालची घासाघीस ती तेलुगूतच सुरू करेल. कानडीचं तेच. सोलापुरात तीन भाषा येणं ही गिऱ्हाइकाची सोय आहे, तुमची नाही.

त्यापेक्षा व्यापाऱ्यांची जुनी नंदभाषा बरी: केवली एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. पोऱ्यानं विचारायचं, ‘‘शेट, ताईंचं बघा की.’’ तुम्ही हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणायचं, ‘‘मुळूवर थांब.’’ म्हणजे खरेदीवर पाच दहाके, ३९० च्या खाली उतरायचं नाही. पोऱ्या नवा असेल तर तो बोटं मोजतो. त्याला हात पाठीमागे ठेवायला शिकवा.

संशयासाठी साधं वाक्य ठेवा: ‘‘गठ्ठा मोज रे.’’ कुणाच्या पिशवीकडे टॉवेल सरकताना दिसला की हे म्हणायचं. पोऱ्यानं त्या माणसाशेजारी उभं राहून टॉवेल मोठ्यानं मोजायचे. बहुतेकदा टॉवेल आपोआप परत येतो. फक्त खरा गठ्ठा मोजायला सांगताना हेच शब्द वापरू नका. नाहीतर चोर आलाय तेव्हा पोऱ्या मागच्या खोलीत सुतळी सोडत बसलेला असतो, आणि इकडे लग्नाच्या खरेदीला आलेल्या सज्जन व्याह्यांना तुम्ही एक-दोन-तीन ऐकवता.

एवढी तयारी झाली की दुकान उघडा. चादर उलगडा, काठ दाखवा, ६५० सांगा, कपाळाला आठ्या घाला, ‘‘ताई, खरेदीसुद्धा निघत नाही’’ म्हणा, मग ‘मुळू’. सोबत एखादी म्हातारी आली असेल आणि तिचं माहेर व्यापाऱ्याचं असेल, तर ती चष्मा लावून चिठ्ठी वाचेल, शांतपणे घडी घालेल आणि म्हणेल, ‘‘मुळू कशाला शेट, आवारूवर द्या की. ३६० घ्या, पिशवी द्या.’’