मराठी थंबनेल आणि जाड आउटलाइनचा सोस

यूट्यूब व्हिडिओच्या थंबनेलवरची अक्षरं वाचता येत नाहीत म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "आउटलाइन जाड कर." मला हे पटत नाही. देवनागरीत आउटलाइन हा शेवटचा उपाय आहे. आधी अक्षरांना चांगली जागा शोधावी, मग फोटोचा तेवढा भाग काळसर करावा, मग सावली द्यावी. एवढं करूनही अक्षर बुडत असेल तरच आउटलाइन.

इंग्रजी कॅपिटल अक्षरांना डोक्यावर काही नसतं आणि पायाशीही काही नसतं. आपल्याकडे शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. जाड आउटलाइनचा पहिला बळी हेच जातात.

परवा भाच्याने दादरच्या फुलबाजारावरच्या व्हिडिओचं थंबनेल पाठवलं. फोटो झकास: खाली झेंडूचे ढीग, मध्ये आंब्याचे टाळे, हार ओवणाऱ्या बाई, वर अंधारात निळी ताडपत्री. बरोबर मधोमध लाल अक्षरांत "दादर फुलबाजारात पहाटेची प्रचंड गर्दी", भोवती पिवळी आउटलाइन. "मामा, लाल तर उठून दिसतो ना?"

मी त्याला फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायला सांगितलं. लाल अक्षरं आणि हिरवी पानं जवळजवळ एकाच राखाडी रंगाची निघाली. झेंडूवर आलेली पिवळी आउटलाइनही गायब. रंग वेगळे असले म्हणजे कॉन्ट्रास्ट आला असं नाही. वाचायला लागतो तो उजेड-अंधारातला फरक. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरचं काळं नाव चालत्या लोकलमधून वाचता येतं ते त्यामुळेच. वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमांत मोठ्या अक्षरांसाठी हा फरक किमान ३:१ मागितलाय. शुद्ध पिवळ्यावर काळं १९ च्या पुढे जातं, पिवळ्यावर पांढरं जेमतेम १ च्या आसपास राहतं.

आता आउटलाइनचं गणित. थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचं बनवतो, पण बाजूच्या यादीत ते समजा १६० पिक्सेल रुंद दिसलं, म्हणजे आठपट लहान. मूळ चित्रात अनुस्वाराचा ठिपका २० पिक्सेलचा असेल तर तिथे अडीच उरतो. त्यावर १२ पिक्सेलची आउटलाइन लावली आणि अ‍ॅपने ती अक्षराच्या कडेवर मधोमध काढली, तर निम्मी आत घुसते. दोन्ही बाजूंनी सहा-सहा खाल्ले की ठिपका आठाचा, आणि यादीत एका पिक्सेलचा. "गर्दी"चा रफार असाच वेलांटीत विरघळला होता. पूर्ण बाहेरच्या बाजूने काढली तर ठिपका वाचतो, पण ठिपका आणि शिरोरेखेमधली फट भरून जाते.

म्हणून आम्ही जागेपासून सुरुवात केली. ताडपत्रीचा भाग आधीच गडद आणि सपाट होता, अक्षरं तिकडे नेली. उजवा खालचा कोपरा नेहमी मोकळा ठेवायचा, यूट्यूब तिथे व्हिडिओची वेळ चिकटवतो. शब्दही कमी केले. दादरचं नाव व्हिडिओच्या शीर्षकात होतंच, त्यामुळे फक्त "पहाटेची गर्दी" ठेवलं आणि अक्षरं जवळजवळ दुप्पट झाली. फॉन्ट 'बलू', मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, त्याचं सगळ्यात जाड वजन. रंग पांढरा. वरच्या कडेपासून खाली विरत जाणारा काळा ग्रेडियंट दिला, वर साधारण ६० टक्के गडद. बाईंच्या चेहऱ्याआधी तो संपला पाहिजे, नाहीतर फोटोचा जीव जातो.

सावलीतही एक गोम आहे. खाली-उजवीकडे सरकवलेली कडक सावली शिरोरेखेखाली दुसरी रेघ ओढल्यासारखी दिसते आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा भरते. त्यापेक्षा अंतर शून्य, ब्लर भरपूर, काळा रंग. सावली आहे हे कळतही नाही, फक्त अक्षरामागचा भाग शांत होतो.

ब्लॅक अँड व्हाइट करून सगळं कळतं असंही नाही. झेंडूच्या ढिगात पाकळीपाकळीला उजेड आणि सावली असते. तिथे पांढरं अक्षर टाका नाहीतर काळं, त्याचे तुकडे पडणारच. अशा जागेवर लिहावंच लागलं तर आधी तेवढाच भाग ब्लर करा.

आणि आउटलाइन टाळताच येत नसेल, तर टेक्स्टचा लेयर डुप्लिकेट करा. खालच्या प्रतीला आउटलाइन द्या, वरची कोरी ठेवा. मग आत घुसणारी आउटलाइन वरच्या अक्षराखाली झाकली जाते. दोन ओळी असतील तर ओळींतलं अंतरही वाढवा, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. आउटलाइन दिल्यावर तर हमखास.