दादी देली दावाला

आमचे चिरंजीव पावणेतीन वर्षांचे. गेला आठवडाभर ते घरभर एकच गाणं म्हणत फिरत होते :

दादी देली दावाला,
तोन लाहिलं दलाला!

ही चक्रावली. मी चक्रावलो. नाना मात्र खूश. जन्मभर कोर्टात लेखनिकी केलेली असल्याने त्यांनी तासाभरात अर्थ लावला : "दाढी दिली दाव्याला, तोंड राहिलं दलाला. कुणीतरी खटल्यापायी दाढी गहाण टाकलीय, आणि तोंड दलालाकडे अडकलंय." बालगीत म्हणून विषय जरा जडच होता.

शब्द इंटरनेटवर टाकले तर भलतंच काही येई. फोनला चाल गुणगुणून दाखवली, तर त्याने एक विरहगीत सुचवलं. त्यात दोष फोनचा नाही. चिरंजीव दर ओळीला सूर बदलतात आणि मी ते प्रामाणिकपणे पाळले होते.

शेवटी त्याची बोली तपासायला बसलो. कागदाला तो 'तादद' म्हणतो, गरमला 'दलम', घोड्याला 'दोदा'. म्हणजे जीभ मागे नेऊन काढायचे क आणि ग तो पुढे दातांपाशी उरकतो. ड-ढचंही तेच, आणि 'र' आला की 'ल'. स्वरांना मात्र तो धक्का लावत नाही. ओळीतली अक्षरंही तेवढीच ठेवतो. तेव्हा आ-ई, ए-ई, आ-आ-आ हा सांगाडा पक्का. घोळ फक्त 'द'चा, कारण त्याच्या एका 'द'मागे द, ड, ढ, ग, घ यांपैकी कोणीही दडलेलं असतं.

पण निवडायचं कसं? ते त्यानेच सांगितलं. मी लाडात येऊन "दादी देली" म्हटलं तर साहेब भडकले. "दादी नाई! दादी!" तेव्हा लक्षात आलं, याची जीभ बोबडी आहे, कान नाही. (इंग्रजी मुलांचं हेच वागणं बर्को आणि ब्राउन यांनी 1960 मध्ये नोंदवलंय. माशाला स्वतः 'फिस' म्हणणारं पोर मोठ्यांनी 'फिस' म्हटलं की चिडतं.)

मग त्याला समोर बसवून एकेक शब्द पुढे केला.

"दाढी गेली?"

"नाई!"

"गादी गेली?"

हसून लोळला, पण नाहीच.

"गाडी गेली?"

"हां! दादी!"

पुढचं सोपं होतं. 'गाडी गेली गावाला, कोण राहिलं घराला'. शब्द टाकताच गाणं सापडलं. नाना जरा हिरमुसले. त्यांच्या मते खटल्यात जास्त दम होता.

पण आठवडाभर जे कानात मुरलं ते सहज निघत नाही. काल आंघोळ करताना मी तंद्रीत "दादी देली दावाला" अशी तान घेतली. दारावर दोन थापा पडल्या आणि बाहेरून करड्या आवाजात सूचना आली :

"बाबा, दादी नाई! दादी!"