साठावा दिवस रविवारी आला, तर घाबरू नका

न्यायदंडाधिकारी पदाच्या परीक्षेत गुण घालवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. परंतु डिफॉल्ट जामिनाच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र न आल्यास मिळणाऱ्या जामिनाच्या, प्रश्नाइतका खात्रीचा आणि कमी कष्टाचा मार्ग मला अजून सापडलेला नाही. जळगावात संध्याकाळच्या वर्गाला फौजदारी प्रक्रिया शिकवताना मी दरवर्षी एकच प्रश्न घालतो आणि दरवर्षी त्याची तीन-चार ठरलेली चुकीची उत्तरे गोळा करतो. आपणही त्या परंपरेत सामील व्हावे, या सदिच्छेने ही पद्धत सविस्तर सांगत आहे.

प्रश्न असा. रावेरच्या एका शेतकऱ्याची केळी व्यापाऱ्याने कापून नेली, पाच गाड्या भरल्या, बेचाळीस लाखांचा हिशेब झाला आणि पैसे मात्र आले नाहीत. व्यापाऱ्याचा हेतू पहिल्या दिवसापासून फसवणुकीचा होता, असे फिर्यादीत म्हटले असून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली गुन्हा नोंदवला आहे. बुधवार, ५ मार्च २०२५ रोजी सायंकाळी सात वाजता त्याला अटक झाली. गुरुवारी, ६ मार्चला दुपारी, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले आणि कोठडी मिळाली. तेव्हापासून तो सलग कोठडीतच आहे. सोमवार, ५ मे रोजी सकाळी पावणेअकराला त्याच्या वकिलाने डिफॉल्ट जामिनाचा अर्ज दिला आणि त्याच दिवशी साडेअकराला तपासी अंमलदाराने दोषारोपपत्र दाखल केले. जामीन मिळेल काय?

सर्वप्रथम रकमेकडे पाहावे. बेचाळीस लाख म्हणजे गंभीर गुन्हा, आणि गंभीर गुन्हा म्हणजे नव्वद दिवस, असे लिहून मोकळे व्हावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८७(३) उघडून पाहण्याची गरज नाही. उघडले, तर तेथे रकमेचा उल्लेखच सापडत नाही. केवळ शिक्षेचा सापडतो. मृत्युदंड, आजन्म कारावास किंवा दहा वर्षे वा अधिक कारावास यांच्याशी संबंधित तपासाला नव्वद दिवस आणि इतर कोणत्याही गुन्ह्याला साठ. कलम ३१८(४) ची कमाल शिक्षा सात वर्षे असल्यामुळे हा गुन्हा साठात बसतो. फिर्यादीत कलम ३१६(५) असते, म्हणजे व्यापारी किंवा दलाल या नात्याने सोपवलेल्या मालाचा विश्वासघात, तर आजन्म कारावासाच्या शक्यतेमुळे गणित नव्वदावर गेले असते. पण येथे केळी विकलेली आहे, सोपवलेली नाही, आणि प्रश्नात ते कलमही नाही. आपण ते मनाने घालावे. परीक्षकाला उमेदवाराची उदारता आवडते, असे ऐकून आहे.

आता मोजणी. माझ्या वर्गातील सर्वांत लोकप्रिय पद्धत म्हणजे अटकेच्या तारखेपासून मोजणे, कारण माणूस त्या दिवसापासून आत असतो, ही गोष्ट कोणालाही पटण्यासारखी आहे. तसे मोजले, तर साठावा दिवस ३ मे, शनिवार येतो. सर्वोच्च न्यायालयाने चगंती सत्यनारायण प्रकरणात १९८६ मध्येच सांगून टाकले की, मोजणी न्यायदंडाधिकाऱ्यांनी कोठडीचा आदेश दिल्यापासून सुरू होते. ते विसरावे. दुसरी पद्धत थोड्या अभ्यासू उमेदवारांची आहे: कोठडीच्या आदेशाचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजणे. त्यांच्याकडे २०२० च्या एम. रवींद्रन निकालावरची टिपणे असतात, ज्यांत हा पहिला दिवस वगळलेला आहे. त्या हिशेबाने साठावा दिवस सोमवार, ५ मे ठरतो, दोषारोपपत्र वेळेत पडते आणि व्यापारी आतच राहतो. २७ मार्च २०२३ रोजी कपिल वाधवान प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने कोठडीच्या आदेशाचा दिवसही धरायचा, असा निर्वाळा दिला. परंतु टिपणांची झेरॉक्स एकदा काढली की ती पुन्हा काढण्यात पैसे जातात, हेही खरेच.

हट्टाने बरोबर मोजायचेच असेल, तर बोटांवर मोजावे. ६ मार्च धरून महिनाअखेरपर्यंत सव्वीस दिवस. एप्रिलचे तीस मिळवून छप्पन्न. मग ४ मे रोजी साठ पूर्ण. आणि ४ मे हा रविवार आहे.

येथे आपण मान वर करून श्वास घ्यावा, कारण हा सापळा फार सुंदर आहे. रविवारी न्यायालय बंद, मग सोमवारी दाखल केलेले दोषारोपपत्र वेळेतच धरले पाहिजे, हा विचार दिवाणी मुदतीच्या सवयीने आपोआप सुचतो. अपिलाच्या मुदतीला तो लागू पडतो. माणसाच्या कोठडीला नाही. साठ दिवसांनंतर दंडाधिकाऱ्याला कोठडी पुढे वाढवण्याचा अधिकारच उरत नाही, आणि सुट्टीमुळे तो निर्माण होत नाही. वाधवान प्रकरणात नेमके हेच घडले होते: कोठडी १४ मे २०२० रोजी मिळाली, साठावा दिवस १२ जुलै, रविवार होता, आणि सोमवारी सकाळी नऊच्या आधी केलेला अर्ज शेवटी टिकला. तरीही आपण सुट्टी वजा करावी. नियम माहीत नसला, तरी पंचांग माहीत आहे, एवढे तरी परीक्षकाला कळेल.

मग वेळ. अर्ज पावणेअकराला, दोषारोपपत्र साडेअकराला. अर्ज आधी आला असल्यामुळे आरोपीने हक्क वापरला, असे मानले जाते, आणि नंतर आलेले दोषारोपपत्र तो हक्क पुसू शकत नाही. २००१ च्या उदय मोहनलाल आचार्य निकालाचा हाच गाभा आहे. क्रम उलटा असता, म्हणजे दोषारोपपत्र सव्वादहाला पडले असते, तर हक्क तिथेच संपला असता, मग तो एकसष्टावा दिवस असला तरी. आपण मात्र लिहावे की, अर्जावर सरकारी पक्षाचे म्हणणे मागवले होते, म्हणणे दुपारी तीनला आले, तोवर दोषारोपपत्र नोंदले गेले होते, म्हणून अर्ज नामंजूर. म्हणणे मागवण्यात गैर काही नाही. त्या निमित्ताने घड्याळ पुढे ढकलण्याला रवींद्रन निकालात मनाई आहे. त्याच रवींद्रनचा हा भाग टिपणांत सहसा नसतो.

एक पान गुणवत्तेवरही भरावे. पाच गाड्यांचे वजनकाटे, शेतकऱ्याची हालत, मेमधले ऊन, व्यापाऱ्याची पळून जाण्याची शक्यता. हा जामीन पुराव्याच्या बळावर नव्हे, तर तपास मुदतीत न आटोपल्यामुळे मिळतो, ही क्षुल्लक बाब शेवटच्या ओळीत सुद्धा येऊ देऊ नये.

आणि अगदी शेवटी, उत्तर चुकून बरोबर आलेच, तर 'जामीन मिळेल' एवढेच लिहून थांबावे. जामीन देण्याची तयारी दाखवणे आणि आदेशाप्रमाणे तो प्रत्यक्ष देणे हीदेखील कलमाची अट आहे. ठरवून दिलेल्या वेळेत जामीनदार, त्याचा सातबारा आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला उभा राहिला नाही, आणि मध्ये दोषारोपपत्र आले, तर हातातला आदेशही निरुपयोगी ठरतो. रावेरहून जामीनदाराची गाडी भुसावळला अडकली, तर त्याला काय म्हणायचे, हे प्रश्नात विचारलेले नाही. म्हणून ते लिहू नये, कारण त्या ओळीला दोन गुण आहेत.